बडोद्याहून अमेरिकेत नोकरीला जाताना: तिथले खाते, कोऱ्या पाटीवरचे क्रेडिट आणि इथल्या खात्याची सोय

परदेशी नोकरीला निघणाऱ्यांच्या मनात बँकेविषयी दोन गैरसमज हमखास असतात. एक म्हणजे इथले बचत खाते आहे तसे चालू ठेवता येते. दुसरा म्हणजे खात्यात भरपूर पैसे आणि वेळेवर पगार असला, की तिथे आपली पत आपोआप तयार होते. दोन्ही चुकीचे आहेत, आणि त्यांचे परिणाम लगेच न दिसता सहा महिन्यांनी किंवा वर्षाने दिसत असल्यामुळे ते जास्त त्रासदायक ठरतात. म्हणून कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, एवढ्याच अंगाने इथे लिहिले आहे.

समोर एक काल्पनिक उदाहरण ठेवू. दांडिया बाजारात आईवडिलांबरोबर राहणारा आणि मकरपुऱ्यात नोकरी करणारा एक इंजिनीअर कंपनीच्या अमेरिकी शाखेत बदली होऊन एल-वन व्हिसावर 4 सप्टेंबरला न्यू जर्सीत पोहोचतो. बडोद्यात त्याचे पगाराचे बचत खाते असून त्यात साडेतीन लाख रुपये आहेत. वडिलांच्या नावाच्या सहा लाखांच्या मुदत ठेवीवर त्याचे दुसरे नाव आहे. सिबिल स्कोअर उत्तम आहे. अमेरिकेत मात्र तो शून्यापासून सुरुवात करणार आहे, कारण तिथली क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या संस्थांच्या तिथल्या दप्तरात त्याचे नावच नाही. यांपैकी ट्रान्सयुनियनचा आपल्या सिबिलशी मालकीचा संबंध आहे, तरीही इथला स्कोअर तिकडच्या दप्तरात आपोआप जात नाही.

निघण्यापूर्वी बडोद्यात

नोकरीसाठी देश सोडणारा माणूस परकीय चलनाच्या कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, निघाल्यापासूनच अनिवासी ठरतो. त्यासाठी वर्ष उलटण्याची वाट पाहावी लागत नाही. अनिवासी व्यक्तीला आपले साधे बचत खाते तसेच ठेवता येत नाही. ते बँकेला कळवून अनिवासींसाठीच्या एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते. यात खाते बंद होत नाही आणि शिल्लकही तशीच राहते, परंतु खात्याचा दर्जा बदलतो आणि काही बँकांत खाते क्रमांक, कार्ड व चेकबुकही बदलते. त्यामुळे त्या खात्यातून जाणारे विम्याचे हप्ते, एसआयपी आणि वीजबिल यांची यादी आधीच करून ठेवावी. प्राप्तिकराचा निवासी-अनिवासी हिशेब वेगळा असून तो आर्थिक वर्षातल्या दिवसांवर चालतो. नोकरीसाठी जाणारा माणूस त्या वर्षी भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिला, तर तो करापुरता अनिवासी होतो. आपल्या उदाहरणात 1 एप्रिल ते 4 सप्टेंबर हे 157 दिवस होतात, म्हणून तो दोन्ही कायद्यांनी अनिवासी आहे. तोच नोव्हेंबरात निघाला असता, तर बँकेच्या दृष्टीने अनिवासी आणि त्या वर्षीच्या करापुरता निवासी, अशी स्थिती झाली असती. सीएला निघण्याची तारीख सांगावी ती याचसाठी.

एनआरओबरोबर एनआरई खातेही उघडून घ्यावे, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. इथे मिळणारे उत्पन्न, म्हणजे घरभाडे, लाभांश किंवा जुन्या कंपनीकडून यायची राहिलेली रक्कम, एनआरओमध्ये जमा करावी. त्यावरच्या व्याजातून बँक 30 टक्के आणि वर उपकर धरून टीडीएस कापते, तो विवरणपत्र भरून हिशेबात घ्यावा लागतो. एनआरईमध्ये परदेशातून पाठवलेले पैसे येतात. त्याचे व्याज भारतात करमुक्त असते आणि मूळ रक्कम कधीही अडथळ्याविना परत नेता येते. एनआरओमधली रक्कम बाहेर नेण्यासाठी मात्र आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे आणि कराची कागदपत्रे जोडावी लागतात. बाबांना महिन्याला पाठवायचे पैसे आणि आपली बचत एनआरईमधून फिरवली, तर पुढे हा डॉलर कुठून आला, हे कुणाला समजावत बसावे लागत नाही.

शाखेत जाताना पासपोर्ट, व्हिसा, नियुक्तिपत्र, पॅन आणि परदेशातल्या पत्त्याचा कागद लागतो. पत्ता निघण्यापूर्वी ठरलेला नसेल, तर खाते बदलण्याचा अर्ज तिथून ऑनलाइन किंवा टपालाने पाठवता येतो का, आणि प्रती कोणाकडून साक्षांकित करून हव्यात, हे लेखी विचारून घ्यावे. रावपुऱ्यातल्या शाखेत अर्ध्या तासात होणाऱ्या कामासाठी न्यू जर्सीतून साक्षांकित प्रती कुरिअर करत बसणे फार कंटाळवाणे असते.

त्याच भेटीत वडिलांच्या नावे एनआरओ खात्याचे मॅन्डेट द्यावे. बँकेचा हा साधा फॉर्म असतो आणि त्यामुळे वडील त्या खात्यातून इथली देणी भागवू शकतात. त्या पैशांतून कुणाला भेट देणे किंवा खातेदार सोडून इतर कुणाला परदेशी रक्कम पाठवणे त्यांना करता येत नाही. शेवटी मोबाइल नंबर. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि 90 दिवस काहीही वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते. म्हणून सिम रोमिंग चालू करून सोबत न्यावे, अधूनमधून त्यावरून एखादा संदेश पाठवावा आणि रिचार्जची जबाबदारी घरी कुणाकडे तरी सोपवावी. काही बँका अमेरिकी नंबर एनआरई-एनआरओ खात्याला जोडून देतात, आणि तशी सोय असलेल्या बँकांत त्याच नंबरवर यूपीआयही चालते. ती मिळाली, तर सिमची कटकट बरीच कमी होते.

पोहोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

पहिले काम आय-94 उतरवून घेण्याचे. i94.cbp.dhs.gov या संकेतस्थळावर पासपोर्टचा तपशील टाकला, की आपल्या प्रवेशाची नोंद दिसते, ती छापून घ्यावी. तीवरचे नाव, जन्मतारीख आणि व्हिसाचा वर्ग पासपोर्टशी ताडून पाहावा; चूक असेल तर पुढचे सगळे तिथेच अडते.

त्यानंतर बँक. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथल्या सरकारकडून मिळणारा ओळख क्रमांक, अजून आलेला नसतानाही बऱ्याच मोठ्या बँका शाखेत पासपोर्टवर रोजच्या व्यवहाराचे चेकिंग खाते उघडून देतात, ऑनलाइन अर्ज मात्र याच कारणाने परत येतो. म्हणून प्रत्यक्ष जावे, आणि पासपोर्ट, व्हिसा, आय-94, कंपनीचे पत्र आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार सोबत न्यावा. भाडेकरार व्हायचा असेल, तर कंपनीने दिलेले पत्त्याचे पत्र चालते का, ते फोन करून आधी विचारावे. नंबर आल्यावर तो शाखेला कळवायला विसरू नये.

खाते उघडताना दोन प्रश्न मुद्दाम विचारावेत. मासिक शुल्क किती आणि ते माफ कशाने होते, हा पहिला. पगार थेट खात्यात येऊ लागला किंवा ठरावीक शिल्लक राहिली, की बऱ्याच ठिकाणी ते माफ असते. दुसरा प्रश्न ओव्हरड्राफ्टचा. डेबिट कार्डावर किंवा एटीएमवर शिल्लक नसताना व्यवहार होऊ देऊन दंड लावण्याची सोय बँकेला तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि ती संमती फॉर्मवर एका चौकटीत मागितलेली असते. ती चौकट रिकामी ठेवावी. शाखा शोधताना बँकेच्या ठेवी एफडीआयसीच्या विम्याखाली आहेत ना, एवढे पाहावे. हा विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक खातेदाराला अडीच लाख डॉलरपर्यंत असतो.

सोशल सिक्युरिटी नंबरसाठी देशात आल्यावर साधारण दहा दिवस थांबून जावे, कारण इमिग्रेशनची नोंद त्यांच्या यंत्रणेत पोहोचायला तेवढा वेळ लागतो. मूळ पासपोर्ट आणि आय-94 घेऊन जायचे, कार्डाला शुल्क नाही आणि कार्ड टपालाने घरी येते. कार्ड आले नाही म्हणून कामावर जाणे थांबवावे लागत नाही, आणि पगारासाठी कंपनीला दोनच आकडे हवे असतात: नऊ अंकी रूटिंग नंबर आणि खाते क्रमांक. पहिला पगार हातात येईपर्यंतचा खर्च फॉरेक्स कार्डावर आणलेला असावा. घरमालक क्रेडिटची नोंद नसलेल्याकडून जास्त डिपॉझिट मागतात. न्यू जर्सीत कायद्याने ते दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे माहीत असावे.

नावाची एक अडचण आपल्याकडच्यांना विशेष येते. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव मिळून एकाच रकान्यात असते, आणि तिथले कारकून कधी दोन्ही नावे पहिल्या रकान्यात घालतात, कधी वडिलांचे नाव मधल्या रकान्यात ढकलतात, तर कधी वगळतात. शिवाय बडोद्यात एकच आडनाव घराघरांत वेगळे लिहिले जाते. Gaekwad आणि Gaikwad दोन्ही इथलेच. क्रेडिट संस्थांचा संगणक मात्र नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर यांवरूनच नोंदी जुळवतो. म्हणून सोशल सिक्युरिटी कार्ड, बँक, भाडेकरार आणि कार्डाचे अर्ज या सगळ्यांवर नाव अक्षरशः एकच असावे, आणि सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात बसल्या जागी पडद्यावरचे नाव वाचून मगच हो म्हणावे.

क्रेडिट: पैसे असून पत नसणे

अमेरिकेत क्रेडिटची नोंद म्हणजे घेतलेल्या उधारीची आणि तिच्या परतफेडीची नोंद. चेकिंग खात्यातली शिल्लक, पगार आणि डेबिट कार्डावरचा खर्च यांपैकी काहीही त्या दप्तरात जात नाही. खात्यात वीस हजार डॉलर असलेल्या माणसाला कार्ड नाकारले जाते, ते यामुळेच. सर्वांत प्रचलित फायको स्कोअर 300 ते 850 असतो आणि तो तयार व्हायला किमान एक उधारीचे खाते सहा महिने जुने असावे लागते. म्हणजे घड्याळ पहिल्या कार्डापासून सुरू होते, आणि पहिले कार्ड जितके उशिरा, तितका पहिला स्कोअर उशिरा.

नवख्या माणसाला सहज मिळते ते सिक्युअर्ड कार्ड. त्यात आपण बँकेकडे ठेव ठेवतो, बहुधा 200 ते 500 डॉलर, आणि तेवढीच आपली मर्यादा असते. ही ठेव बिलात वळती होत नाही. बिल दर महिन्याला वेगळे भरायचे असते, आणि ही गोष्ट नीट न समजल्यामुळे पहिल्याच महिन्यात बिल बुडवणारे लोक आहेत. अर्ज करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे कार्ड तिन्ही क्रेडिट संस्थांना कळवले जाते का? नसेल, तर ते या कामाचे नाही. भारतात अमेरिकन एक्सप्रेसचे कार्ड आधीपासून असेल, तर त्या कंपनीची जुन्या ग्राहकांना दुसऱ्या देशात कार्ड देण्याची सोय आहे. ती आधी विचारावी, म्हणजे कदाचित ठेवीचीही गरज पडणार नाही.

आपल्या इंजिनीअरला सोशल सिक्युरिटी नंबर सप्टेंबरअखेर मिळतो आणि ऑक्टोबरच्या मध्यात 300 डॉलरच्या ठेवीवर कार्ड मिळते. त्याच्या कार्डावर दोन तारखा असतील, आणि सगळे शिकायचे ते त्यांच्यातच आहे. समजा, स्टेटमेंट दर महिन्याच्या 20 तारखेला निघते आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 15 आहे. कायद्याने या दोहोंत किमान 21 दिवस असावेच लागतात. क्रेडिट संस्थांना बहुधा 20 तारखेची शिल्लक कळवली जाते, 15 तारखेची नाही.

आता पाहा. त्याने किराणा आणि बसच्या पासावर 20 तारखेपर्यंत 240 डॉलर खर्च केले. तो 15 तारखेला पूर्ण बिल भरणारच आहे, व्याजही लागणार नाही; तरीही दप्तरात मात्र 300 पैकी 240, म्हणजे 80 टक्के मर्यादा वापरलेली, अशी नोंद होते. आपल्या मर्यादेचा किती भाग वापरला जातो, हे स्कोअरच्या 30 टक्क्यांच्या भागात मोजले जाते. तोच माणूस 17 तारखेला 220 डॉलर भरून टाकतो, तेव्हा स्टेटमेंटवर 20 डॉलर राहतात, म्हणजे सात टक्क्यांच्या आत, आणि उरलेले 20 डॉलर 15 तारखेला आपोआप जातात. खर्च तोच, पैसेही तेच. फक्त भरण्याचा दिवस सुमारे चार आठवडे अलीकडे आणल्यामुळे नोंद वेगळी होते. पैसे जमा व्हायला दोनेक दिवस लागतात, म्हणून 19 तारखेपर्यंत थांबू नये. थोडी थकबाकी ठेवून व्याज भरले की स्कोअर वाढतो, असे सांगणारे हितचिंतक भेटतात. त्यांचे ऐकू नये, व्याज भरल्याने काहीही वाढत नाही.

सर्वांत जड, म्हणजे 35 टक्के, भाग वेळेवर भरण्याचा आहे. म्हणून चेकिंग खात्यातून पूर्ण स्टेटमेंटची रक्कम आपोआप भरण्याची सूचना पहिल्याच दिवशी द्यावी. ‘किमान रक्कम’ हा पर्याय निवडला, तर बाकीच्यावर व्याज चढते. एखादा हप्ता दोन-चार दिवस चुकला, तर दंड लागतो पण दप्तरात डाग पडत नाही. 30 दिवस उलटले की तो कळवला जातो आणि सात वर्षे राहतो. चेकिंग खाते बदलताना जुन्या खात्याला जोडलेली सूचना विसरणे, हे या चुकीचे सगळ्यात नेहमीचे कारण आहे.

या शिस्तीने चालले, तर एप्रिलच्या सुमारास पहिला फायको स्कोअर दिसतो. त्याआधी बँकेच्या ॲपवर एखादा आकडा दिसला, तर तो बहुधा व्हँटेजस्कोअरचा असतो; त्याचे नियम वेगळे आहेत आणि तो आधीच बनतो, म्हणून त्यावरून घाई करू नये. खरे तपासायचे असेल, तर annualcreditreport.com या अधिकृत संकेतस्थळावर तिन्ही संस्थांचे अहवाल फुकट मिळतात, तेही दर आठवड्याला. त्यात आपल्या नावावर दोन वेगळी दप्तरे झाली नाहीत ना, पत्ते आपलेच आहेत ना आणि कार्ड तिन्ही ठिकाणी दिसते ना, हे पाहावे.

स्कोअर आल्यावर साध्या, ठेव नसलेल्या कार्डाला अर्ज करावा, पण एकाच वेळी चार ठिकाणी करू नये, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी दोन वर्षे दप्तरात दिसते. अर्ज नाकारला गेला, तर कारण सांगणारे पत्र येते आणि ते मनापासून वाचावे. ‘क्रेडिटचा इतिहास अपुरा’ असे असेल, तर काही महिने थांबण्यापलीकडे करण्यासारखे काही नाही. ‘ओळख पडताळता आली नाही’ असे असेल, तर थांबून काहीही होणार नाही. वर सांगितलेला नावाचा किंवा पत्त्याचा घोळ शोधावा लागेल. ही दोन पत्रे दिसायला सारखी असतात आणि लोक दुसऱ्यालाही पहिल्यासारखेच समजून उगाच वाट पाहतात. सिक्युअर्ड कार्ड पुढे साध्यात बदलून मिळाले, तर ठेव परत येते; ते जुने कार्ड शुल्क नसेल तर बंद न करता, महिन्यात एकदा वापरून चालू ठेवावे, कारण खाती किती जुनी आहेत हेही मोजले जाते.

इथल्या खात्यांचा तिथला हिशेब

तिथे रुळल्यावर इथल्या खात्यांचा दुसरा प्रश्न पुढे येतो, आणि तो बडोद्याच्या बँकेकडून नव्हे, तर अमेरिकी कायद्याकडून येतो. कराच्या दृष्टीने अमेरिकेचा निवासी ठरलेल्या माणसाची परदेशातली सर्व खाती मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचे माहितीपत्रक भरावे लागते. त्यावर कर नसतो. ते कराच्या विवरणपत्राबरोबर नसून फिनसेन या सरकारी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र भरले जाते. मुदत 15 एप्रिल असून ती न मागता 15 ऑक्टोबरपर्यंत वाढते. आपला इंजिनीअर 4 सप्टेंबरला गेल्यामुळे पहिल्या वर्षी 183 दिवसांच्या हिशेबात साधारणपणे निवासी ठरत नाही, त्यामुळे त्याला हे बहुधा पुढच्या वर्षापासून लागू होईल.

गोम त्या मुदत ठेवीत आहे. बाबांच्या ठेवीवर अनिवासी मुलाचे दुसरे नाव भारतात चालते, अट इतकीच, की त्या खात्यात मुलाचे पैसे जाऊ नयेत आणि बँकेला त्याची स्थिती कळवलेली असावी. एफबारमध्ये मात्र संयुक्त खात्याची अर्धी नव्हे, पूर्ण रक्कम धरली जाते. डॉलर 85 रुपयांचा धरला, तर मर्यादा साडेआठ लाख होते. साडेतीन लाखांचे खाते आणि सहा लाखांची ठेव मिळून साडेनऊ लाख होतात. म्हणजे ज्या पैशांतला एक रुपयाही त्याचा नाही, त्यामुळे त्याला पत्रक भरावे लागते. बाबांना नुसता नॉमिनी पुरेसा असेल, तर निघण्यापूर्वी नाव काढून नॉमिनी करून ठेवणे सोपे. बाबांची ‘अरे, राहू दे की नाव, उद्या मला काही झालं तर?’ ही काळजीही खरीच असते, तेव्हा नाव ठेवायचे असेल तर ठेवावे आणि एफबार नियमाने भरावा.

एनआरईचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी अमेरिकेचा निवासी ठरल्यावर ते तिथल्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. इथली म्युच्युअल फंडांतली गुंतवणूक तिथल्या करात फार किचकट होते, म्हणून एसआयपी चालू ठेवायची की थांबवायची, हे निवासी ठरण्यापूर्वी दोन्हीकडचे नियम माहीत असलेल्या सीएला विचारावे. पीपीएफचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, अनिवासी झाल्यावर नवे उघडता येत नाही.

राहिलेले काम वर्षातून एकदाचे. दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर बँक खाते निष्क्रिय करते. बँकेने स्वतः जमा केलेले व्याज व्यवहारात धरले जात नाही. म्हणून एनआरओ आणि एनआरई दोन्हींतून दर दिवाळीला एखादी छोटी रक्कम बाबांच्या खात्यात पाठवावी, त्याच वेळी केवायसीची मुदत पाहावी आणि पासपोर्ट नवा झाला असेल तर त्याची प्रत शाखेला द्यावी.